निफ्टी पडता आणि चॉपी असताना स्ट्रॅटेजी बंद ठेवायची, पण फिल्टरची अट कशी लिहावी?

कोपरा_सीट

माझी स्ट्रॅटेजी साधी आहे. निफ्टी ५०० मधले शेअर घेतो, रोज संध्याकाळी स्कॅन लावतो. ५५ दिवसांच्या उच्चांकाच्या वर बंद झालेला शेअर दुसऱ्या दिवशी सकाळी उचलतो. स्टॉपलॉस एटीआरच्या अडीचपट खाली, आणि भाव चढेल तसा वर सरकवत न्यायचा. फक्त डिलिव्हरी, शॉर्ट अजिबात नाही.

बॅकटेस्टमध्ये एक गोष्ट डोळ्यांत भरते. मोठे तोटे बहुतेक एकाच प्रकारच्या काळात येतात. इंडेक्स खाली घसरतोय आणि वर चॉपी पण आहे. शेअर ब्रेकआउट देतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत आत येतो आणि स्टॉपलॉस उडतो. एकेक तोटा लहान असतो, पण रांग लागते. म्हणून असा काळ ओळखून स्ट्रॅटेजी बंद करायची, असं ठरवलंय.

घसरण ओळखायला निफ्टी ५० ची २०० दिवसांची सरासरी घेतली. चॉपी आहे का ते बघायला एफिशियन्सी रेशो. म्हणजे दहा दिवसांत इंडेक्स एकूण किती हलला आणि त्यातून निव्वळ किती सरकला, याचं गुणोत्तर. जानेवारी २०२५ चं उदाहरण घ्या. १३ जानेवारीला निफ्टी २३,०८५.९५ ला बंद, २७ जानेवारीला २२,८२९.१५ ला. निव्वळ फरक २५७ पॉइंट. पण मधल्या रोजच्या चाली बेरजेला धरल्या तर १,३५३ पॉइंट होतात. गुणोत्तर ०.१९. याला मी चॉपी म्हणतो.

```python
sma = c.rolling(200).mean()
er = (c - c.shift(10)).abs() / c.diff().abs().rolling(10).sum()
off = (c < sma) & (er < 0.30)
```

प्रश्न असे. अट बरोबर आहे का? बंद झाल्यावर हातातल्या शेअरचं काय करायचं? आणि परत चालू कधी करायची?

---

बुल_बाबू

एवढा खटाटोप कशाला? इंडिया व्हिक्स बघा की. व्हिक्स २० च्या वर गेला की बंद, खाली आला की चालू. बाजार घाबरला की व्हिक्स बोंब मारतोच. ७ एप्रिल २०२५ ला एका दिवसात साठ टक्क्यांहून जास्त उडाला होता.

---

नाना सातारकर

नमस्कार. विषय चांगला आहे. माझ्या दोन एसआयपी चालू आहेत, एक इंडेक्स फंडात आणि एक मिडकॅपमध्ये. मुलगा म्हणतो बाजार पडतोय तर थांबवा. तुमच्या या फिल्टरप्रमाणे मी एसआयपी बंद करावी का? आणि परत सुरू करायला बँकेत नवीन मॅन्डेट द्यावं लागेल का?

---

कोपरा_सीट

नाना, हा फिल्टर एसआयपीसाठी नाही. तुमची एसआयपी पडत्या बाजारात जास्त युनिट घेते, तिचं कामच ते. इथे प्रश्न आठवड्या-महिन्यात आत-बाहेर करणाऱ्या पद्धतीचा आहे. मॅन्डेटचं फंड हाऊसला विचारा, काही ठिकाणी नुसतं काही महिने थांबवायची सोय असते.

---

मंजिरी_प

कोपरा, तुझ्या कोडमधलं ते `&` बघ. सगळा घोळ तिथे आहे.

तू जानेवारी घेतलास. आता त्याच्या पुढचे दिवस घे. ४ फेब्रुवारी २०२५ ला निफ्टी २३,७३९.२५ ला बंद झाला, १८ फेब्रुवारीला २२,९४५.३०. दहा सत्रांत ७९४ पॉइंट खाली. रोजच्या चालींची बेरीज ८५४. म्हणजे तुझं गुणोत्तर ०.९३ येतं. त्या काळात निफ्टी ओळीने रोज खाली बंद होत होता, मध्ये १७ तारखेला तेवढा जेमतेम तीस पॉइंट वर बंद झाला. चॉपीपणा औषधालाही नाही.

आता तुझी अट वाच. सरासरीखाली आहे, हे खरं. ०.३० पेक्षा कमी आहे, हे खोटं. म्हणून `off` खोटं, म्हणजे स्ट्रॅटेजी चालू. जानेवारीत खालीवर होत असताना तू बाहेर, आणि फेब्रुवारीत सरळ उतार लागल्यावर तुझा फिल्टर तुला आत ढकलतो. घसरणीचा सगळ्यात वाईट तुकडा त्याला 'छान ट्रेंड' वाटतो.

कारण एफिशियन्सी रेशोला दिशा कळत नाही. ट्रेंड आहे एवढंच तो सांगतो, आणि शॉर्ट न करणाऱ्याला खालचा ट्रेंड काय कामाचा? 'पडता आणि चॉपी' असं बोलायला बरं वाटतं, पण तशीच अट लिहिलीस की 'पडता पण चॉपी नाही' हा चौथा कोपरा उघडा राहतो. तुझ्या स्ट्रॅटेजीसाठी सरासरीखाली म्हणजे बंद, मग चॉपी असो वा नसो. चॉपीपणा सरासरीच्या वर असताना वापर: तिथे गुणोत्तर कमी असेल तर नवीन खरेदी निम्म्या आकाराने.

बुल_बाबू, व्हिक्सबद्दल अर्धं बरोबर. अचानक धक्का बसला की व्हिक्स उडतो, ते खरं. पण सप्टेंबर २०२४ अखेरच्या २६,२७७ च्या शिखरापासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत निफ्टी लागोपाठ पाच महिने तोट्यात बंद झाला, आणि या काळात व्हिक्स बहुतेक वेळ १३ ते १६ च्या पट्ट्यात पडून होता. तुमचा २० चा भोंगा त्या पाच महिन्यांत वाजलाच नसता. वाजला तो ७ एप्रिलला, जेव्हा तळ जवळपास येऊन गेला होता.

---

थीटा_खाऊ

मंजिरीताई, पण चॉपी बाजार वाईट कसा? आम्ही तर त्याचीच वाट बघतो. रेंजमध्ये राहिला की स्ट्रॅडल विकायचं आणि प्रीमियम खायचा. माझं मत, चॉपी असताना स्ट्रॅटेजी चालू आणि ट्रेंड लागला की बंद.

---

मंजिरी_प

तुमच्यासाठी बरोबर. म्हणूनच फिल्टर स्ट्रॅटेजीचा असतो, बाजाराचा नसतो. खाली आलेलं उचलून उसळीत विकणाऱ्याला पण कोपराचा फिल्टर लावला तर त्याचे कमाईचे दिवसच कापले जातील. इथे धागा ब्रेकआउट खरेदीचा आहे.

---

कोपरा_सीट

फेब्रुवारीचे आकडे ताडून बघितले, बरोबर आहेत. एक शंका. तेव्हा स्ट्रॅटेजी चालू राहिली असती तरी ५५ दिवसांचा उच्चांक देणारे शेअर होते कुठे? स्कॅन जवळपास रिकामाच आला असता. म्हणजे नुकसान कागदावरचंच ना?

---

मंजिरी_प

बऱ्याच अंशी हो. उच्चांकाची अट स्वतःच एक फिल्टर आहे, सगळं पडत असताना ती आपोआप कमी शेअर देते. पण जे थोडे येतात ते बघ कुठले असतात. निकालाच्या बातमीवर एका दिवसात उडालेले, किंवा डिफेन्सिव्ह क्षेत्रातले. पहिले दुसऱ्या दिवशी सकाळी वर उघडतात आणि तिथून घसरतात. तुझी खरेदी नेमकी सकाळी. तुझ्या बॅकटेस्टमध्ये त्या पंधरवड्यातले ट्रेड वेगळे काढून बघ, संख्या कमी असली तरी सरासरी तोटा किती ते कळेल.

---

आकडेमोड

एक विरोधी सूर. २०० च्या सरासरीचं एवढं कौतुक चाललंय, पण ती रेषा नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ मध्ये किती वेळा कापली गेली ते कोणी मोजलं का? मी बंद भावावर बघितलं. १४ नोव्हेंबरच्या सुमारास २३,५३३ ला खाली गेला. २२ नोव्हेंबरला एका दिवसात साडेपाचशे पॉइंट चढून २३,९०७ ला, परत वर. डिसेंबरच्या सुरुवातीला २४,७०० दिसला. २० डिसेंबरला २३,५८७, पुन्हा खाली. २ जानेवारीला २४,१८८, वर. ६ जानेवारीला २३,६१६, खाली. मग थेट २१ एप्रिलला २४,१२५, वर. आणि त्यानंतरही ९ मेला २४,००८ ला बंद होऊन रेषेला घासून गेलाच.

२ जानेवारीला चालू आणि दोन सत्रांनी, ६ जानेवारीला बंद. त्या मधल्या दिवसांत जे घेतलं ते बहुतेक उडालं असणार. चॉपी बाजारातून वाचायला जो फिल्टर लावला, तोच चॉपी झाला.

---

मंजिरी_प

मुद्दा एकदम बरोबर, आणि त्यावर उपाय आहे, फुकट मात्र नाही. बंद होण्याची आणि चालू होण्याची रेषा वेगवेगळी ठेवायची. सरासरीच्या २ टक्के खाली बंद झाला तर स्ट्रॅटेजी बंद, २ टक्के वर बंद झाला तरच चालू. मध्ये असेल तर आधी जी स्थिती होती तीच.

```python
state, on = True, []
for px, m in zip(c, sma):
    if px < 0.98 * m:
        state = False
    elif px > 1.02 * m:
        state = True
    on.append(state)
on = pd.Series(on, index=c.index).shift(1)
```

तुमच्याच तारखांवर चालवा. नोव्हेंबरमध्ये सरासरी साडेतेवीस हजारांच्या थोडी वर होती, तिच्या २ टक्के खाली म्हणजे तेवीस हजार शंभरच्या आतबाहेर. नोव्हेंबरचा सगळ्यात खालचा बंद भाव २३,३५०. म्हणजे स्ट्रॅटेजी बंद झालीच नाही. २० डिसेंबर आणि ६ जानेवारीलाही नाही. बंद झाली ती १० ते १३ जानेवारीच्या दरम्यान, निफ्टी २३,४०० वरून २३,१०० कडे येताना. परत चालू व्हायला साडेचोवीस हजारांच्या वर बंद भाव हवा होता, तो मिळाला १२ मेला, २४,९२५. सहा वेळच्या उघडझापीच्या जागी दोनच.

किंमत काय मोजली ते पण बघा. नोव्हेंबर-डिसेंबरभर स्ट्रॅटेजी चालू राहिली, तेव्हाचे तोटे घ्यावे लागले. आणि एप्रिलच्या उसळीत २४,१२५ ते २४,९२५ हा टप्पा बाहेर बसून बघावा लागला. ब्रेकआउटवाल्यांसाठी पहिले तीन आठवडे बऱ्याचदा सगळ्यात रसाळ असतात, तेच गेले.

शेवटच्या ओळीतलं `shift(1)` विसरू नका. आज संध्याकाळच्या बंद भावावर ठरलं तर अंमल उद्या सकाळी. ते नसेल तर बॅकटेस्ट पडझडीच्या दिवशीच सकाळी बाहेर पडल्याचं दाखवते आणि आलेख उगाच देखणा दिसतो.

---

आकडेमोड

२ टक्केच का? दीड का नाही? तीन का नाही? २०२४-२५ बघून २ निवडला असेल तर तो त्या एका घसरणीला बेतून शिवलेला सदरा झाला.

---

मंजिरी_प

२ मला जवळचा आकडा म्हणून घेतला, त्यात काही पवित्र नाही. १ पासून ३ पर्यंत आणि सरासरी १५० पासून २५० पर्यंत फिरवून बघा. निकाल हळूहळू बदलत असेल तर ठीक. २ ला झकास आणि अडीचला बेकार येत असेल तर फेकून द्या.

---

आकडेमोड

ते मान्य. पण मूळ अडचण त्याने सुटत नाही. रोजचे आकडे हजारो आहेत म्हणून नमुना मोठा वाटतो. खरं मोजायचं तर निफ्टी दीर्घकाळ २०० खाली राहिला असे प्रसंग किती? २००८, २०११, २०१५-१६, २०२०, २०२२, २०२४-२५. बोटांवर मोजण्याइतके. त्यात २०२० बघा: फेब्रुवारीअखेर रेषेखाली गेला, २३ मार्चला ७,६१० ला बंद, आणि रेषेवर आला तो जुलैत, अकरा हजारांच्या आसपास. तळापासून ४० टक्क्यांहून जास्त वर. फिल्टरवाला पडझडीतून वाचला हे खरं, पण जिथे बाहेर पडला त्याच्यापेक्षा थोडंसंच खाली परत आला. सहा प्रसंगांवरून 'फिल्टर चालतो' हे मी तरी छातीठोक म्हणणार नाही.

---

मंजिरी_प

मीही म्हणत नाही. माझा दावा छोटा आहे: परतावा वाढेल याची खात्री नाही, सगळ्यात मोठी घसरण बहुधा कमी होईल. आणि २०२० मध्ये निव्वळ इंडेक्सचा हिशोब करू नका. कोपराकडे इंडेक्स नाही, शेअर आहेत, आणि ते मार्चमध्ये निफ्टीपेक्षा जास्त आपटले.

---

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत आहे, पोर्ट सोडलं की नेट कधी असतं कधी नाही. रोज संध्याकाळी स्कॅन शक्य नाही. आठवड्यातून एकदा, शुक्रवारचा बंद भाव बघून ठरवलं तर चालेल का? सध्या ४० आठवड्यांची सरासरी वापरतो.

---

मंजिरी_प

चालेल, उलट उघडझाप आपोआप कमी होते. फक्त आठवड्याच्या आत काही घडलं तर तुम्हाला कळणार नाही. पण ते रोजच्या फिल्टरलाही कळत नाही. ४ जून २०२४ ला लोकसभा निकालाच्या दिवशी निफ्टी ५.९३ टक्के पडला, तेव्हा तो २०० च्या सरासरीच्या बराच वर होता, फिल्टर हिरवा. तीन सत्रांत सगळं भरून आलं. ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी २२,९०४ वरून थेट २१,७५८ ला उघडला, तिथे ज्यांची स्ट्रॅटेजी जानेवारीपासून बंद होती ते बाहेर होते. एका दिवसाच्या धक्क्याला फिल्टर नाही, शेअरची संख्या आणि आकार हाच बंदोबस्त. शिवाय समुद्रावर असताना स्टॉपलॉस जीटीटीने लावून ठेवता ना? तो ट्रेलिंग नसतो हे ध्यानात ठेवा.

---

प्राची_के

मी सीए आहे, ट्रेडिंग फारसं करत नाही, पण दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. फिल्टरने स्ट्रॅटेजी बंद केली की सगळं विकायचं असं ठरवलंत तर २३ जुलै २०२४ नंतर शॉर्ट टर्म नफ्यावर २० टक्के कर आहे, आधी १५ होता. डिलिव्हरीवर खरेदी-विक्री दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी, विक्रीला डीपी चार्ज वेगळा. आकडेमोड यांनी दिलेल्या सहा उघडझापी आणि दरवेळी सगळा पोर्टफोलिओ रिकामा, असा हिशोब मांडा. तुमच्या बॅकटेस्टमध्ये हे धरलंय का? तोटा झाला तर तो आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच.

---

कोपरा_सीट

एसटीटी आणि ब्रोकरेज धरलंय, कर नाही. मंजिरीताई, तुम्ही काय करता, सगळं विकता की नुसती नवीन खरेदी थांबवता?

---

मंजिरी_प

नुसती नवीन खरेदी. हातातले शेअर आपापल्या स्टॉपलॉसवर सोडते. घसरता बाजार असेल तर कमजोर शेअर आठवड्या-दोन आठवड्यांत स्वतःच बाहेर पडतात, आणि एखादा तगडा असेल तर तो राहतो. त्यामुळे चुकीचा सिग्नल आला तरी फार नुकसान होत नाही, कारण विकून परत घ्यावं लागत नाही. मोकळी झालेली रक्कम लिक्विड ईटीएफमध्ये ठेवते, म्हणजे परत चालू झाल्यावर लगेच हाताशी.

एक मात्र कर. बंद असतानाही स्कॅन रोज चालव आणि सिग्नल वहीत उतरव, कुठे घेतला असता, कुठे उडाला असता. यातून दोन गोष्टी कळतात. एक, फिल्टरने खरंच तोटे वाचवले की नफा. दुसरी, एप्रिलसारखी वेळ: रेषा अजून ओलांडलेली नाही पण कागदावरचे ब्रेकआउट टिकायला लागले, स्टॉपलॉस उडायचे थांबले. तेव्हा मी चौथाई आकाराने सुरुवात करते. हे नियमात बसवलेलं नाही, माझा अंदाज आहे.

---

बुल_बाबू

म्हणजे शेवटी नियम मोडायचाच. 😄

---

मंजिरी_प

चौथाईपुरता.

---

आकडेमोड

अजून एक राहिलं. शेअर निफ्टी ५०० चे आणि फिल्टर निफ्टी ५० चा, हे जमत नाही. कोपराचे बहुतेक सिग्नल मिड आणि स्मॉलमधून येत असणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये निफ्टी स्मॉलकॅप १०० शिखरापासून २० टक्क्यांहून जास्त खाली होता, निफ्टी ५० साधारण १५ टक्के. उलटही होतं: चार मोठे बँक शेअर निफ्टीला रेषेवर धरून ठेवतात आणि खाली सगळा चिखल. माझ्या मते ५०० पैकी किती शेअर स्वतःच्या २०० च्या वर आहेत ते मोजा, ४० टक्क्यांखाली गेलं की बंद.

---

मंजिरी_प

निफ्टी ५०० चा इंडेक्स घ्या, तिथवर सहमत. शेअर मोजण्याला माझा विरोध नाही, पण डेटा बघा. आजची ५०० ची यादी घेऊन दहा वर्षं मागे मोजलंत तर मेलेले आणि यादीतून गेलेले शेअर त्यात नसतात, म्हणून जुने आकडे आहेत त्यापेक्षा चांगले दिसतात. त्या-त्या वेळची यादी असेल तरच तो ४० टक्क्यांचा आकडा ठरवा.

---

आकडेमोड

ती यादी फुकट मिळत नाही, हे माहीत आहे. माझ्याकडे २०१७ पासूनची आहे, त्यावर चालवून टाकतो इथे. फरक फार पडणार नाही असं मला वाटतं.

---

मंजिरी_प

मला वाटतं पडेल. २०१८ चं वर्ष वेगळं काढून बघा. तेव्हा निफ्टी ऑगस्टमध्ये नवे उच्चांक करत होता आणि स्मॉलकॅप जानेवारीपासून उतरत होते.

---

नाना सातारकर

एसआयपी चालू ठेवली आहे. बाकी बरंचसं डोक्यावरून गेलं, पण २०१८ चं मिडकॅप मला आठवतंय. मुलाला दाखवतो हा धागा.

---

कोपरा_सीट

`&` काढला, निफ्टी ५०० च्या इंडेक्सवर २ टक्क्यांची पट्टी लावली, नवीन खरेदीच फक्त थांबते असं केलं. २०१७ पासून चालवतोय. सरासरीच्या वर पण चॉपी असेल तेव्हा निम्मा आकार, यात ०.३० ची मर्यादा ठेवू की दहाऐवजी वीस दिवस घेऊन बघू? दहा दिवसांत एकाच मोठ्या मेणबत्तीने गुणोत्तर उलटंपालटं होतंय.

---

मंजिरी_प

वीस घे. मर्यादा मात्र तीच ठेवू नकोस. दिवस वाढवले की गुणोत्तर एकंदरीतच खाली येतं, वीसवर ०.३० लावलंस तर बहुतेक वेळ चॉपीच दाखवेल. आधी वीस दिवसांच्या आकड्यांची सगळी मांडणी बघ, खालचा एक-तृतीयांश कुठे तुटतो ते शोध, आणि तो आकडा इथे टाक.